निळं कधी झालं

सुट्टी लागून आठवडा झाला होता. कॉलेजच्या लांबलचक व्हरांड्यात चिटपाखरू नव्हतं, आणि रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत बाई एकट्याच ॲप्रन चढवून उभ्या होत्या. नव्या सत्रापासून मुलांना एक नवा प्रयोग द्यायचा होता. तो आधी स्वतः करून, त्याचे आकडे नीट बसतात की नाही हे पाहून ठेवायचं काम विभागप्रमुखांनी बाईंच्या गळ्यात घातलं होतं. बाईंची तक्रार नव्हती. वर्गातल्या गलक्यापेक्षा रिकामी प्रयोगशाळा बरी, असं म्हणणाऱ्यांपैकी त्या होत्या.

प्रयोग तसा देखणा. एका फ्लास्कमध्ये पोटॅशियम आयोडाइड, मोजून थोडं थायोसल्फेट आणि स्टार्चचं पाणी. दुसऱ्यात परसल्फेटचं द्रावण. दोन्ही पाण्यासारखी स्वच्छ. दोन्ही एकत्र ओतली की आयोडीन तयार व्हायला लागतं, पण दिसत नाही, कारण होईल तेवढं आयोडीन थायोसल्फेट गिळून टाकतं. थायोसल्फेट संपलं, की पुढचा आयोडीनचा कण थेट स्टार्चच्या हाती सापडतो आणि सगळं पाणी डोळ्यांदेखत काळंनिळं होतं. हळूहळू नाही, एकदम. कुणी दिव्याचं बटण दाबावं तसं. ओतल्यापासून निळं होईपर्यंतचा वेळ स्टॉपवॉचवर मोजायचा. पाणी गार असेल तर वेळ जास्त, कोमट असेल तर कमी. चार तापमानांना तो मोजला, की त्यावरून अभिक्रियेची सक्रियण ऊर्जा काढता येते, म्हणजे कणांना एकमेकांशी भिडण्याआधी जो उंबरठा ओलांडावा लागतो त्याची उंची.

बाईंनी दहा, वीस, तीस आणि चाळीस अंश ठरवले. त्याच्या पुढे जाण्यात अर्थ नव्हता. पाणी फार तापलं की स्टार्चचा निळा रंगच फिका पडू लागतो. दोन्ही फ्लास्क पाण्याच्या एकाच टबात, म्हणजे वॉटर बाथमध्ये, ठेवायचे, दोन्हींच्या आत थर्मामीटर बुडवून बघायचं, आणि आकडा सारखा झाला की मगच ओतायचं. प्रत्येक तापमानाला तीन वेळा.

वीस अंशांपासून सुरुवात केली. पहिल्या खेपेला तीन मिनिटं वीस सेकंद लागले. बाई खूश झाल्या. दुसऱ्या खेपेला त्यांनी द्रावणं एकत्र केली, फ्लास्क गोल फिरवून बाथमध्ये परत ठेवला आणि स्टुलावर बसून पाहू लागल्या. पाणी स्वच्छ होतं. दोन मिनिटं झाली, अडीच झाली, पाणी स्वच्छच होतं.

मग पाणी निळं होतं.

निळं झालं नाही, निळं होतं. बाईंनी घाईने स्टॉपवॉच दाबलं. तीन मिनिटं अठ्ठावन्न सेकंद. त्यांनी फ्लास्ककडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. रंग बदलतानाचा तो क्षण त्यांना आठवेना. तोंडाला कसलीशी धातूसारखी चव आली होती आणि डोकं जड झालं होतं.

‘डुलकी लागली वाटतं,’ बाई स्वतःशीच म्हणाल्या. लागायचीच. परीक्षांचे पेपर तपासण्यात गेला महिनाभर झोपेचं खोबरं झालं होतं. त्यांनी तोंडावर पाणी मारलं आणि तिसरी खेप केली. तीन मिनिटं एकोणीस सेकंद. म्हणजे जवळजवळ पहिलीइतकाच वेळ.

त्या दिवशी तीस अंशांच्या तिन्ही खेपा एक मिनिट एकोणचाळीसच्या आगेमागे आल्या. चाळीस अंशांना पहिल्यांदा बावन्न सेकंद. दुसऱ्या वेळी बाई डोळे ताणून बसल्या होत्या. एवढ्याशा वेळात डुलकी लागायची म्हटली तरी लागणार नाही. आणि तरीही, पाणी स्वच्छ होतं आणि मग पाणी निळं होतं. स्टॉपवॉचवर एक मिनिट एकतीस सेकंद.

तिसरी खेप बाईंनी तरीही केली, एक्कावन्न सेकंद. मग सगळं आवरून त्यांनी स्कूटर काढली, वाटेत पोहण्याच्या वर्गाहून मुलीला मागे बसवलं आणि घरी न जाता सरळ नवऱ्याच्या दुकानापाशी गाडी उभी केली.

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. गिऱ्हाईक नव्हतं. बाई आतल्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘माझे डोळे तपास.’’

‘‘लग्नाआधी तपासायला हवे होते,’’ नवरा म्हणाला. ‘‘तेव्हा दिसत नव्हतं म्हणून तर मी पसंत पडलो.’’

चिऊ, म्हणजे मुलगी, ओल्या केसांनी काउंटरवर बसून हसली. बाई हसल्या नाहीत, तसा नवरा गंभीर झाला. त्याने अक्षरं वाचायला लावली, रंगांची ठिपकेदार पानं दाखवली, टॉर्च मारून पाहिलं.

‘‘डोळे ठणठणीत आहेत. काय झालं?’’

‘‘काही नाही. रंग बदललेला कळला नाही.’’

‘‘दमली आहेस. चार दिवस झोप काढ. सगळं जग तुझ्या प्रयोगावाचून अडलेलं नाही.’’

बाईंना खरं तर डोळ्यांतच काहीतरी बिघडलेलं निघायला हवं होतं. बुडत्याला काडीचा आधार; ती काडीही हातातून सुटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टबात बर्फ टाकून दहा अंश साधले. सात मिनिटं पाच सेकंद. सात मिनिटं चाळीस. सात मिनिटं सात. मधल्या खेपेला पुन्हा तेच झालं होतं.

दुपारी विभागप्रमुख डोकावले. प्रमुख म्हणजे गडबडीचा माणूस, नेहमी कुठल्या तरी बैठकीला निघालेला. बाईंनी काढलेला आलेख त्यांनी उभ्या उभ्याच पाहिला. चार तापमानांची सरासरी घेऊन काढलेली ती रेष होती आणि तिच्या उतारावरून सक्रियण ऊर्जा मोलमागे सत्तेचाळीस किलोज्यूल निघत होती.

‘‘कमी आली,’’ प्रमुख म्हणाले. ‘‘पन्नाशीच्या वर यायला हवी. हे तीन आकडे तुमचं वाटोळं करतायत. गाळून टाका.’’

‘‘सर, पण ते का आले?’’

‘‘पिपेट चुकलं असेल, बाटली नीट धुतली नसेल. बाई, मुलांना सरळ रेष हवी असते. सोमवारी प्रयोगांची पुस्तिका छापायला जायची आहे. उगाच राईचा पर्वत करू नका.’’ आणि ते गेले.

गाळून टाकणं सोपं होतं. बाईंनी पेन्सिलही उचलली. मग खाली ठेवली, कारण वीस वर्षं मुलांना ज्या गोष्टीसाठी त्या रागावत आल्या होत्या ती नेमकी हीच होती. आकडा चुकला तर चालेल, का चुकला ते सांग. त्या खिडकीशी बसल्या आणि विचार करू लागल्या.

बाटलीत लोखंडाचा किंवा तांब्याचा अंश राहिला असता, तर ही अभिक्रिया उलट जास्त वेगाने झाली असती. हे तिन्ही आकडे उशिराचे होते, एकही लवकरचा नव्हता. साधी चूक असती तर कधी अलीकडे, कधी पलीकडे गेली असती. थायोसल्फेट जास्त पडलं असेल? तर निळं व्हायला उशीर होईल खरा. पण जेवढं जास्त पडेल तेवढ्याच पटीत. वीस अंशांना तीन मिनिटं वीस सेकंदांवर अडतीस सेकंद उशीर, म्हणजे सुमारे पाचव्या हिश्शाचा. तीच चूक चाळीस अंशांना झाली असती तर बावन्न सेकंदांवर दहा सेकंद वाढायला हवे होते. तिथे वाढले होते एकोणचाळीस. आणि दहा अंशांना, जिथे सात मिनिटं लागतात, तिथे सवा मिनिटाहून जास्त वाढायला हवं, तर वाढले फक्त पस्तीस.

अडतीस, एकोणचाळीस, पस्तीस.

पाणी गार असो की कोमट, उशीर तेवढाच होता. तापमानावर चालणारी कुठलीही गोष्ट असं वागत नाही. रसायन असं वागत नाही. उष्ण टोकाला तेवढेच सेकंद जास्त जड पडत होते, म्हणून रेष तिकडे वाकत होती आणि ऊर्जा कमी निघत होती. म्हणजे ते सेकंद फ्लास्कमधले नव्हतेच. फ्लास्क वेळेवर निळा झाला होता. ते सेकंद फ्लास्कसमोर बसलेल्या बाईचे होते.

भर दुपारी, उघड्या खिडकीशी बसून त्यांचे हात गार पडले. कारण आता पुढचा प्रश्न आपोआपच आला आणि तो पहिल्यापेक्षा भयंकर होता. निळं व्हायच्या नेमक्या क्षणी सापडल्या म्हणून या तीन वेळा कळल्या. पाणी स्वच्छ असताना मध्येच त्या गेल्या असतील आणि परत आल्या असतील तर? स्वच्छ पाणी आधीही स्वच्छ आणि नंतरही स्वच्छ. ते कधीच कळलं नसतं. वर्गात फळ्याकडे तोंड करून उभं असताना? भाजी चिरताना?

स्कूटरवर?

महिन्यापूर्वीची एक सकाळ त्यांना आठवली. चिऊ मागे बसली होती. नेहमीच्या वळणावर वळायचं होतं, आणि एकाएकी त्या वळणाच्या बऱ्याच पुढे, रस्त्याच्या मधोमध होत्या. मागून ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता आणि चिऊ पाठीवर थापट्या मारत विचारत होती, ‘‘आई, आपण कुठे चाललोय?’’ बाईंनी तेव्हा हसून म्हटलं होतं, ‘‘तुझी आई वेंधळी आहे.’’

त्या दिवशी बाईंनी स्कूटर कॉलेजातच ठेवली. घरी सांगितलं, चालू होत नाही. चोराच्या मनात चांदणं. नवरा नुसतं ‘‘बरं’’ म्हणाला तरी त्यांना वाटलं, याला संशय आला.

तरीही खात्री नव्हती. खात्री करायची एकच वाट होती, आणि बाईंना ती पहिल्यापासून दिसत होती; फक्त तिकडे बघवत नव्हतं. तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत आल्या आल्या त्यांनी मोबाइल ऊर्ध्वपातित पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला. आधी त्यात फ्लास्क आणि स्टॉपवॉच दिसेल असा ठेवला. मग दोन मिनिटं तशाच उभ्या राहिल्या आणि तो मागे सरकवून स्वतःचा चेहराही येईल असा केला. चेहरा आल्यावर त्यांना कसंसंच झालं. जणू कुणा परक्या बाईवर पाळत ठेवायची होती.

वीस अंश. एक खेप, दुसरी, तिसरी. प्रत्येक वेळी बाईंनी निळं होताना पाहिलं. तीन मिनिटं एकोणीस, वीस, एकवीस. जीव भांड्यात पडू लागला. चौथ्या खेपेला त्यांना पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटलं, पाळणा खाली येताना वाटतं तसं, आणि मग पाणी निळं होतं. घड्याळ चार मिनिटं दोन सेकंद दाखवत होतं. समोर दारात धाकट्या मॅडम उभ्या होत्या.

धाकट्या मॅडम म्हणजे विभागात वर्षापूर्वी आलेली तरुण शिक्षिका. तिचा चेहरा उतरला होता.

‘‘बाई, मी काही चुकीचं बोलले का?’’

‘‘कधी?’’

‘‘आत्ता. किल्ली मागितली तुमच्याकडे. दोनदा. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि काहीच बोलला नाहीत. परवाही असंच झालं. मला वाटलं, माझ्यावर रागावलात.’’

‘‘मी बघितलं तुमच्याकडे?’’

‘‘हो. म्हणजे... माझ्याकडे तोंड होतं.’’

बाईंनी किल्ली दिली. हातात न देता बाकावरून सरकवून दिली. ती गेल्यावर दार लावून घेतलं, स्टुलावर बसल्या आणि मोबाइल हातात घेतला. पहिल्या तीन खेपा भरभर पुढे ढकलल्या. चौथी सुरू झाली.

पडद्यावरची बाई फ्लास्ककडे पाहत होती. तीन मिनिटं दहा सेकंद झाले तेव्हा तिची मान जराशी वर आली. तेवढंच. दुसऱ्या कुणाला काही कळलंही नसतं. नजर फ्लास्कवरून सुटून कुठेच नाही अशी स्थिर झाली. मग ओठ हलू लागले, काहीतरी चाखत असल्यासारखे, पुन्हा पुन्हा. डावा हात ॲप्रनच्या बटणापाशी गेला आणि बटण चाचपू लागला, काढतही नव्हता, लावतही नव्हता. तीन मिनिटं वीस सेकंदांना तिच्या नाकासमोर फ्लास्कभर पाणी काळंनिळं झालं. बाईची पापणी लवली नाही. दारातून आवाज आला, ‘‘बाई, स्टोअरची किल्ली?’’ तोंड आवाजाकडे वळलं. डोळे उघडे होते आणि त्यांत कुणी नव्हतं. ओठ चालूच होते.

बाईंनी मोबाइल बाकावर उलटा टाकला. मेलेल्या माणसाचा चेहरा पाहिला असता तरी त्या एवढ्या भ्याल्या नसत्या. मेलेला माणूस हलत तरी नाही. इथे त्यांचाच चेहरा होता, त्यांचेच हात हलत होते, आणि हलवणारं कुणी नव्हतं.

आणि हे कशाचं चिन्ह आहे ते त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या थोरल्या भावाला लहानपणापासून फिट यायच्या. त्याच्या मोठ्या होत्या, हातपाय झाडणाऱ्या, तोंडाला फेस आणणाऱ्या. पाहुणे आले की दादाला मागच्या खोलीत बसवायचे. शाळा सोडवली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं वडील म्हणायचे. बाहेर कळलं तर धाकटीचं लग्न व्हायचं नाही. ती धाकटी म्हणजे बाई. त्या मुठीत आपणच वाढलो, हे बाईंना त्या स्टुलावर बसून पहिल्यांदाच इतकं लख्ख दिसलं.

दादा आता शिवणकाम करत होता, स्वतःचं दुकान होतं. बाईंनी त्याला फोन लावला. मागे मशीन चालू होतं.

‘‘बोल.’’

‘‘दादा, तुला... फिट यायच्या आधी पोटातून काही वर चढायचं का रे?’’

मशीन थांबलं.

‘‘कुणाला होतंय?’’ दादाने विचारलं.

बाईंनी फोन कानाशी घट्ट दाबून धरला. दादाला त्यांचा नुसता श्वास ऐकू जात असणार.

‘‘कुठे आहेस?’’

‘‘कॉलेजात.’’

‘‘बसलीयस ना? बसून राहा. जवळ काही पेटतं आहे का? काच, ॲसिड?’’

‘‘आहे सगळं.’’

‘‘मग तिथून ऊठ आणि बाहेर बाकावर बस. आणि ऐक. गाडीची किल्ली कुठे आहे?’’

‘‘पर्समध्ये.’’

‘‘ती आत्ता कुणाच्या तरी हातात दे. माझ्यावर उपकार कर. दे आणि मग बोल.’’

‘‘दादा, मला भीती वाटतेय.’’

‘‘वाटणारच. मला अजून वाटते. अकरा वर्षं झाली शेवटची येऊन, तरी रस्ता ओलांडताना वाटते. भीती वाटली म्हणून कुणी मेलं नाही. लपवलं म्हणून मात्र माणूस जातो. नवऱ्याला सांगितलंस?’’

‘‘नाही.’’

‘‘आज सांग. आपल्या घरासारखं करू नकोस.’’

बाई बाहेर आल्या. व्हरांड्याच्या टोकाला धाकट्या मॅडम कुलूप लावत होत्या. बाईंनी त्यांच्या हातात स्कूटरची किल्ली ठेवली आणि म्हणाल्या, ‘‘मी रागावले नव्हते. मी तिथे नव्हते. मला रिक्षापर्यंत सोडाल का?’’ मॅडमना काही कळलं नाही, पण त्यांनी बाईंचा दंड धरला आणि गेटपर्यंत सोडला नाही.

नवऱ्याला सांगणं सगळ्यात कठीण गेलं. शेवटी बाईंनी दुकानातच त्याच्या हातात मोबाइल दिला. त्याने आधी विनोद करायला तोंड उघडलं. मग मिटलं. चित्रफीत संपल्यावर त्याने ती पुन्हा पाहिली नाही. म्हणाला, ‘‘हे असं घरी झालंय. जेवताना. मी म्हणायचो, बघ, जेवता जेवता बाई कुठे हरवल्या.’’ त्याचा चेहरा पांढरा पडला होता. ‘‘मी हसायचो गं.’’ मग एकदम आठवून त्याने विचारलं, ‘‘चिऊला कोण आणतंय आज?’’

‘‘तू,’’ बाई म्हणाल्या. ‘‘आजपासून तूच.’’

मेंदूच्या डॉक्टरकडे जाईपर्यंतचे दिवस बाईंनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. गॅसपाशी जायच्या नाहीत. न्हाणीघराला आतून कडी लावायच्या नाहीत. चहा पिताना कप हातात आहे ना, हे दर घोटाला बघायच्या. सारखा वाटायचा तो एकच संशय, आत्ता या क्षणी मी सलग आहे की मध्ये काही गळलं? भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून त्या मनातल्या मनात सेकंद मोजायच्या आणि मोजता मोजता घाबरायच्या, कारण मोजणारीच गेली तर मोजणार कोण?

डॉक्टर चाळिशीची स्त्री होती, कमी बोलणारी. तिने चित्रफीत तीनदा पाहिली, शेवटच्या वेळी आवाज बंद करून.

‘‘फिट म्हणजे हातपाय झाडायलाच हवेत असं नाही,’’ ती म्हणाली. ‘‘मेंदूच्या एका कोपऱ्यात सुरू होते, पसरते, पाऊणएक मिनिटात विझते. माणूस उघड्या डोळ्यांनी गैरहजर असतो. बहुतेकांना घरचे सांगतात तेव्हा कळतं. तुम्हाला कसा संशय आला?’’

बाईंनी आलेख पुढे केला. सरळ रेष, आणि तिच्यापासून फटकून असलेले तीन ठिपके. उशीर तापमानाप्रमाणे बदलत नाही म्हणून तो रसायनाचा नाही, हे त्यांनी समजावून सांगितलं. सांगताना वर्गात उभं असल्यासारखा आवाज स्थिर झाला आणि संपताच पुन्हा कापू लागला.

डॉक्टरने तो कागद फाइलमध्ये लावून घेतला. मग तपासण्या झाल्या. डोक्याला तारा चिकटवून मेंदूच्या लाटा काढल्या, एमआरआयच्या त्या आवाज करणाऱ्या बोगद्यात बाई अर्धा तास डोळे मिटून पडल्या. डाव्या कानामागे, आत खोल, जुना छोटासा व्रण होता. लहानपणी कधी जबर ताप आला असेल. गाठ नव्हती. ‘‘गाठ नाही’’ हे शब्द ऐकून नवरा डॉक्टरच्या समोरच रडला. बाई रडल्या नाहीत. त्यांच्या मनात एवढंच आलं की व्रण तर जायचा नाही.

‘‘गोळ्या सुरू करू. बऱ्याच जणांच्या पूर्ण थांबतात,’’ डॉक्टर म्हणाली. ‘‘सगळ्यांच्या थांबतात असं मी सांगणार नाही. झोप चुकवायची नाही. गाडी बंद. एकट्याने पोहणं बंद. प्रयोगशाळेत एकटं काम बंद.’’

‘‘प्रयोगशाळा बंद नाही ना?’’

‘‘एकटं काम बंद म्हणाले मी.’’

पुस्तिका सोमवारी छापायला गेली नाही. प्रमुखांना बाईंनी स्वतः जाऊन कारण सांगितलं. आता हे गावभर होणार, हे त्यांना ठाऊक होतं. प्रमुख खुर्चीत मागे टेकले. अखेर म्हणाले, ‘‘आणि मी म्हणालो, गाळून टाका.’’ त्यानंतर त्यांनी बाईंकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहायला सुरुवात केली, काचेच्या भांड्याकडे पाहावं तसं. बाईंना ते सोसावं लागलं.

गोळ्या सुरू होऊन काही आठवडे झाल्यावर त्या पुन्हा त्या बाकापाशी उभ्या राहिल्या. या वेळी धाकट्या मॅडम सोबत होत्या. स्टॉपवॉच मॅडमच्या हातात, फ्लास्क बाईंसमोर. निळं झालं की दोघींनी एकाच वेळी ‘‘आता’’ म्हणायचं, असं ठरलं.

दहा अंशांपासून सुरुवात केली. सात मिनिटं स्वच्छ पाण्याकडे पाहत बसायचं. पूर्वी हा बाईंचा आवडता वेळ होता. आता त्यांच्या तळव्यांना घाम फुटला होता. पोटात जरा कुठे हललं की त्यांना वाटायचं, आलं. पाणी स्वच्छ, पाणी स्वच्छ. मॅडम मध्येच म्हणायच्या, ‘‘बाई?’’ आणि बाई म्हणायच्या, ‘‘आहे.’’ सात मिनिटं पाच सेकंदांना निळं झालं. ‘‘आता,’’ दोघी एकदम म्हणाल्या, आणि बाईंनी इतका वेळ कोंडून धरलेला श्वास सोडला.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून चारही तापमानांच्या सगळ्या खेपा झाल्या. एकही ठिपका रेषेबाहेर पडला नाही. आधीच्या चौथ्या खेपेचा वेळही बाईंनी चित्रफितीतून वाचून आलेखावर मांडला, तीन मिनिटं वीस सेकंद. तो बरोबर रेषेवर बसला. उतारावरून ऊर्जा निघाली बावन्न किलोज्यूलच्या किंचित खाली. पुस्तिकेत बाईंनी एक वाक्य वाढवलं, की हा प्रयोग दोघांनी मिळून करावा. कारण लिहिलं नाही.

राहिली होती चिऊ. नवरा म्हणत होता, एवढ्यात नको, पोर घाबरेल. दादा फोनवर म्हणाला, न सांगता घाबरण्यापेक्षा सांगून घाबरू दे. एका रविवारी सकाळी बाईंनी तिला गादीवर समोर बसवलं आणि सांगितलं, की आई कधी कधी थोडा वेळ थांबते. डोळे उघडे असतात पण ऐकू येत नाही. तेव्हा ओरडायचं नाही, हलवायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही. हातात सुरी किंवा गरम काही असलं तर तूही हात लावायचा नाहीस, बाबांना हाक मारायची. घड्याळात बघायचं. खूप वेळ झाला, म्हणजे मोठा काटा एका आकड्यावरून पुढच्या आकड्यावर गेला, तर शेजारच्या काकूंना बोलावून डॉक्टरांना फोन लावायचा.

चिऊने सगळं नीट ऐकून घेतलं. मग तिने आईच्या डोळ्यांत अगदी जवळून पाहिलं, खिडकीतून आत कुणी आहे का बघावं तसं.

‘‘तेव्हा तू कुठे जातेस?’’

‘‘माहीत नाही गं.’’

‘‘तिकडून परत यायचं तुला कसं कळतं?’’

बाईंनी तोंड उघडलं. नवरा स्वयंपाकघराच्या दारात हातातलं फडकं तसंच धरून उभा होता.

‘‘तेही माहीत नाही,’’ बाई म्हणाल्या. ‘‘आत्तापर्यंत दर वेळी आले.’’

चिऊ पुढे सरकली, आईच्या मांडीवर बसली, इतकी मोठी झाल्यावर ती बसत नसे, आणि आईचा हात दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला. बाईंना तिचं काळीज हाताशी धडधडताना लागत होतं. त्यांनी हात सोडवून घेतला नाही.